भूक लागण्याआधी खा : लांब सायकल-दिवसाचे साधे शाकाहारी खाणे

नालासोपाऱ्याच्या बुद्ध स्तूपापासून दादरच्या चैत्यभूमीपर्यंत सायकलने जाऊन त्याच दिवशी परत यायचे, असा बेत आमच्या वस्तीतल्या सात जणांनी मागच्या हिवाळ्यात केला. वसई फाट्यावरून हायवेला लागायचे, वर्सोवा पुलावरून खाडी ओलांडायची, दहिसर, बोरिवली, अंधेरी करत दादर गाठायचे. जायला साधारण ५५ ते ६० किलोमीटर आणि यायला तेवढेच. कोणाकडे महागडी सायकल नव्हती. कामावर जायच्या, बिनगिअरच्या सायकली होत्या. ताशी पंधरा-सोळा किलोमीटरच्या वर कोणी जाणार नव्हते, म्हणजे प्रत्यक्ष पायडल मारण्याचेच सात-साडेसात तास. पंक्चरचे सामान घेतले, चाकात हवा भरली, रिफ्लेक्टर लावले. खाण्याचा विचार मात्र कोणीच केला नाही. रस्त्यात काय ते मिळेलच, असे आम्ही धरून चाललो.

दिवस पौर्णिमेचा होता. आमच्यातल्या एक ताई पौर्णिमेला अष्टशील पाळतात. वय अडतीस, वजन ५२ किलो, रोज कंपनीत सायकलने जाणाऱ्या, तब्येतीने काटक. दुपारी बारानंतर त्या जेवत नाहीत. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते, पण सात तासांच्या सायकलिंगशी त्याचा संबंध आमच्या डोक्यात आला नाही.

पहाटे साडेचारला त्यांनी चहा आणि दोन बिस्किटे घेतली, पाचला आम्ही निघालो. सव्वानऊला चैत्यभूमीवर पोहोचलो. वंदना झाल्यावर त्यांनी बाहेर तीन इडल्या खाल्ल्या. साडेदहाला परत फिरलो. बारा वाजायच्या आत जेवून घ्यावे म्हणून बोरिवलीच्या आसपास थांबलो, तर जवळ फक्त वडापावची गाडी. एक वडापाव खाल्ला आणि पुढे निघालो. वर्सोवा पूल चढेपर्यंत सगळे ठीक होते. पूल उतरल्यावर ताई बोलेनाशा झाल्या. एका सिग्नलला कोणीतरी काही विचारले तर उगाच चिडल्या, जो त्यांचा स्वभाव नाही. चिंचोटीजवळ त्या सायकलवरून उतरल्या आणि कठड्याला टेकून बसल्या. हात थरथरत होते, कपाळावर गार घाम होता, पायातला जीव गेल्यासारखे झाले होते.

आम्हाला वाटले ऊन लागले. "ताई, पाणी प्या," म्हणत एक बाटली दिली, मग दुसरी. फरक पडला नाही, उलट मळमळ सुरू झाली. कोणीतरी पिशवीतले केळे पुढे केले तर त्या म्हणाल्या, "दादा, दोन वाजून गेलेत, मी खाणार नाही." शेवटी आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या काकांनी चहाच्या टपरीवरून पेलाभर पाणी आणि पाच चमचे साखर मागून घेतली, ढवळून त्यांना दिली. दहा-पंधरा मिनिटांत थरथर थांबली, चेहऱ्यावर रंग आला. तरी त्यांना पुढे सायकल चालवू दिली नाही. त्या रिक्षाने घरी गेल्या, सायकल टेम्पोत टाकली.

चूक त्यांच्या उपवासाची नव्हती, आम्हा सात जणांच्या नियोजनाची होती. ती कुठे झाली ते समजून घेतले तर लांब सायकल-दिवसाचे बहुतेक सगळे खाणे समजते.

शरीर सायकल चालवताना दोन इंधने जाळते, चरबी आणि साखर. चरबी प्रत्येकाकडे भरपूर असते, पण ती सावकाश जळते. साखर स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवलेली असते, तिला ग्लायकोजेन म्हणतात. स्नायूंमध्ये साधारण तीनशे-चारशे ग्रॅम, यकृतात ऐंशी ते शंभर ग्रॅम. यकृतातला साठा रक्तातली साखर टिकवतो, आणि मेंदूची भिस्त त्या साखरेवरच असते. रात्री आपण झोपलेले असताना हा यकृतातला साठा निम्म्याहून अधिक संपतो. म्हणून पहाटे रिकाम्या पोटी निघणारा माणूस अर्धी टाकी घेऊनच निघतो. पाय चालत असतात, पण आधी मेंदूला साखर कमी पडू लागते. चिडचिड, गप्प होणे, रस्त्याकडे लक्ष न राहणे ही त्याची खूण आहे. थरथर आणि गार घाम याही खुणाच. गप्प होण्याची खूण आम्ही ओळखलीच नव्हती.

आता ताईंचा हिशेब मांडू. आरामात, बोलता येईल अशा वेगाने सायकल चालवताना त्यांच्या वजनाच्या माणसाला तासाला साधारण तीनशे किलोकॅलरी लागतात. त्यातल्या अर्ध्या साखरेतून आल्या तर तासाला ३५ ते ४० ग्रॅम कर्बोदके झाली. नऊ तासांच्या दिवसात सात तास पायडल मारले असे धरले तर अडीचशे ग्रॅमच्या आसपास. त्यांनी खाल्ले काय? चहा-बिस्किटांतून वीस ग्रॅम, तीन इडल्यांतून तीस, वडापावातून चाळीसच्या आत. म्हणजे नव्वद. बाकीचे शरीराने साठ्यातून काढले, आणि यकृतातला साठा सकाळीच अर्धा होता. दोन वाजता टाकी रिकामी होणे ठरलेलेच होते.

वडापावाबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे, कारण मुंबईच्या रस्त्यावर सायकलस्वाराच्या हाती सर्वांत आधी तोच येतो. त्यातला पाव आणि बटाटा उत्तम आहे, अडचण तेलाची आहे. तेलकट पदार्थ पोटात जास्त वेळ थांबतो, त्यातली साखर रक्तात उशिरा पोहोचते. त्यात आपण लगेच पायडल मारायला लागलो की रक्त पायांकडे धावते आणि पोटाचे काम आणखी मंदावते. म्हणून घशाशी येते, ढेकर येतात, आणि पोट भरलेले असूनही ताकद येत नाही. वडापाव खायचाच तर घरी पोहोचल्यावर खावा. वाटेत नुसता पाव आणि उकडलेला बटाटा मिठासोबत खाल्ला तर तेच अन्न उपयोगी पडते.

दीड महिन्याने आम्ही पुन्हा गेलो. यावेळी पौर्णिमा सोडून दुसरा रविवार धरला. ताईही होत्या.

आदल्या रात्रीचे जेवण नेहमीपेक्षा फार वेगळे नव्हते. भात नेहमीच्या दीडपट, वरण, एक भाजी. उसळ आणि पालेभाजी मुद्दाम कमी ठेवली, कारण चवळी-वालाची उसळ चांगली असली तरी पहाटे पोटात गुबारा धरते आणि सायकलवर ते नको असते. रात्री उशिरा ताटभर जेवण्यापेक्षा साडेआठला जेवून दहाला झोपणे बरे. पहाटे निघायच्या तासभर आधी प्रत्येकाने पोहे खाल्ले. एका माणसाला ७५ ग्रॅम कोरडे पोहे, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम कर्बोदके. तेल एक चमचा, शेंगदाणे नावाला, लिंबू पिळून. ज्यांना पहाटे एवढे जात नाही त्यांनी दोन केळी आणि चहात दोन चमचे साखर घेतली. दोन-अडीच तास आधी उठता येत असेल तर पोहे पोटभर खावेत, तासभरच असेल तर अर्धे खाऊन उरलेली भूक सायकलवर भागवावी.

वाटेतल्या खाण्याची मेख वेळेत आहे. निघाल्यापासून चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी पहिला घास, मग भूक असो वा नसो दर चाळीस मिनिटांनी पुन्हा. एका तासात ३० ते ४० ग्रॅम कर्बोदके एवढेच लक्ष्य. वजनदार किंवा जोरात चालवणाऱ्याला पन्नास-साठपर्यंत चालतात. भूक लागेपर्यंत थांबले तर खाल्लेले रक्तात पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि तोवर एकदम भरपूर खाल्ले की पोट बिघडते. आमच्यातल्या एकाने घड्याळात गजर लावला होता. तो वाजला की सगळे थांबून दोन घास खात. सुरुवातीला हसणे झाले, पण दुपारनंतर कोणी हसले नाही.

काय खायचे, याचे उत्तर आपल्या वसईतच आहे. आगाशी आणि आजूबाजूच्या गावांत राजेळी केळ्यांची सुकेळी करतात. पिकलेली राजेळी केळी सोलून साधारण आठवडाभर उन्हात वाळवतात आणि केळीच्या वाळक्या पानांत गुंडाळून बांधतात. ऊन लागते म्हणून पावसाळ्यात हे काम बंद. बागा कमी होत चालल्या, करणारी घरेही थोडी उरली, त्यामुळे सुकेळी आता सहज मिळत नाहीत आणि स्वस्तही नाहीत. सायकलसाठी मात्र याच्यासारखे दुसरे काही नाही. वाळवताना पाणी गेले, साखर राहिली. एका सुकेळ्यात एका मोठ्या केळ्याएवढी ताकद असते आणि ते बोटभर जागेत मावते. पिशवीत चेपून लगदा होत नाही, उन्हाने वितळत नाही. बाजारात सायकलस्वारांसाठी पाकिटबंद बार मिळतात. त्यांत जी साखर असते तीच यात असते.

सुकेळी नसतील तर साधे केळे घ्या, एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. आम्हाला सर्वांत सोयीची वाटली ती गुळाची चपाती. चपातीवर दोन चमचे किसलेला गूळ पसरायचा, तूप नको, घट्ट गुंडाळायची आणि कागदात बांधून दोन तुकडे करायचे. एका गुंडाळीत साधारण तीस ग्रॅम होतात, म्हणजे एका तासाची शिदोरी. सारखे गोड खाऊन तोंड विटते, विशेषतः चौथ्या-पाचव्या तासानंतर. म्हणून उकडलेले बटाटे सोलून, मीठ-जिरेपूड लावून डब्यात ठेवले होते. परतीच्या वाटेवर गोडाकडे कोणी पाहत नव्हते, बटाटे मात्र हातोहात संपले. शेंगदाण्याची चिक्की चांगली, पण शेंगदाण्यात तेल असल्याने ती दर तासाला नको, अधूनमधून एक तुकडा पुरे. मांसाहाराला आमचा विरोध नाही, आमच्यातले अर्धे जण खातात. पण अंडी-मासे डब्यात सहा तास उन्हात टिकत नाहीत आणि पायडल मारताना पचायला जड जातात. वाटेसाठी शाकाहार आम्ही निवडला तो एवढ्याच कारणाने.

पाण्याचे तसेच. पहिल्या वेळी आम्ही नुसते पाणी ढोसले होते. वसईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंगावरून ओघळतो आणि त्यासोबत मीठ जाते. नुसते पाणी पीत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होते. पोट डबडबते, मळमळते, डोके दुखते, बोटातली अंगठी घट्ट होते आणि लघवी मात्र पाण्यासारखी स्वच्छ येत राहते. अशा वेळी आणखी पाणी देणे म्हणजे आजार वाढवणे. उलट पाणी कमी पडले असेल तर लघवी गडद पिवळी होते, तोंड कोरडे पडते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. दोन्हींत डोके दुखते, म्हणून लघवीचा रंग पाहणे महत्त्वाचे.

दुसऱ्या वेळी प्रत्येकाने एक बाटली साध्या पाण्याची आणि एक लिंबू-सरबताची ठेवली. एक लिटर पाण्यात दहा सपाट चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम, पाव चमचा मीठ आणि एका लिंबाचा रस. ही बाटली म्हणजे एका तासाची साखरही झाली, त्यामुळे ती पिताना खाणे तेवढे कमी करता येते. साखर याहून जास्त घातली तर सरबत पोटात रेंगाळते. जुलाबासाठी घरी करतात त्या जलसंजीवनीत लिटरला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ असते. ती आजाऱ्यासाठी आहे, सायकलवर दिवसभर तीच पिऊ नये. हिवाळ्यात तासाला अर्धा लिटर आम्हाला पुरले, एप्रिल-मे मध्ये पाऊण लिटरही लागेल. आपल्याला नक्की किती लागते हे कळायला एक सोपी रीत आहे. निघताना आणि आल्यावर, घाम पुसून, वजन करा. एक किलो कमी झाले म्हणजे एक लिटर पाणी कमी पडले. ताईंचे ८०० ग्रॅम कमी झाले होते, ते ठीक. वजन वाढून आले असेल तर पाणी जास्त झाले.

घरी आल्यावर ताईंनी आधी मीठ-जिऱ्याचे ताक घेतले आणि तासाभरात मुगाच्या डाळीची खिचडी खाल्ली. तांदूळ शंभर ग्रॅम, डाळ चाळीस, वर वाटीभर दही. यात कर्बोदके शंभर ग्रॅमच्या आसपास आणि प्रथिने वीस ते पंचवीस ग्रॅम येतात. स्नायूंचा रिकामा साठा पहिल्या काही तासांत सर्वांत वेगाने भरतो, म्हणून आल्यावर आडवे होण्याआधी खावे. प्रथिने घिसलेल्या स्नायूंच्या डागडुजीसाठी. डाळ आणि तांदूळ एकत्र आले की एकात कमी असलेले दुसऱ्यात मिळते, वेगळी पावडर लागत नाही. सकाळी बाजूला ठेवलेली उसळ रात्रीच्या जेवणात खुशाल घ्यावी. जेवणानंतर लगेच चहा मात्र नको, डाळी-कडधान्यांतले लोह त्याने कमी शोषले जाते. आपल्या घरांतल्या कितीतरी बायकांचे हिमोग्लोबिन मुळातच कमी असते, त्यांनी तर तासभर थांबावेच.

अष्टशीलाचा प्रश्न आम्ही भन्तेजींपुढे ठेवला. दुपारनंतर जेवण नाही, पण गाळलेला फळांचा रस आणि साखर-मधाचे पाणी यांना भिक्खूंच्या विनयातही मुभा आहे, हे त्यांनी सांगितले. दूध-ताकाबद्दल मते वेगवेगळी आहेत, ते आपल्या विहारात विचारावे. सायकलच्या बाजूने आमचे मत असे की अष्टशीलाच्या दिवशी बारा वाजायच्या आत संपेल एवढेच अंतर ठेवावे, म्हणजे तीस-चाळीस किलोमीटर. बारानंतर चार तास केवळ सरबतावर काढता येतात, पण आल्यावर लागणारी खिचडी दुसऱ्या दिवशीवर जाते आणि शरीर सावरत नाही.

ज्यांनी हे सगळे स्वतःच्या जबाबदारीवर करू नये असे दोन गट आहेत. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर लांब सायकलिंगमध्ये धोकादायकरीत्या उतरू शकते, कधी घरी येऊन झोपल्यावर रात्रीही. त्यांनी त्या दिवसाचा डोस डॉक्टरांना विचारून ठरवावा. दुसरे सिकलसेलचे. विदर्भातून इकडे आलेल्या आपल्या कुटुंबांत आणि पालघरच्या आदिवासी पाड्यांत हा आजार आहे. सिकलसेलच्या रुग्णाला पाणी कमी पडणे आणि शरीर शिणणे यानेच दुखण्याचा झटका येतो, त्यामुळे त्यांनी असा दिवस डॉक्टरांच्या परवानगीशिवाय काढू नये. वाहक असलेल्यांना बहुधा त्रास होत नाही, पण कडक उन्हात जीव तोडून चालवणे आणि पाणी टाळणे त्यांनाही भोवू शकते. तपासणी झाली नसेल तर रक्ताची साधी चाचणी सरकारी रुग्णालयात करून मिळते.

वाटेत कोणी थरथरू लागला, गप्प झाला, तर आधी सावलीत बसवा आणि चार-पाच चमचे साखर पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांत फरक पडला तर साखरच कमी होती, मग गुळाची चपाती खायला देऊन अर्धा तास बसवून ठेवा. फरक पडला नाही, बोलणे असंबद्ध झाले, अंग तापलेले लागले तर तो उष्माघात समजा. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी किंवा साखर काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाते.

दुसऱ्या फेरीत आम्ही दोन वाजून चाळीस मिनिटांनी स्तूपापाशी परत आलो. ताईंच्या पिशवीत दोन सुकेळी उरली होती.